क्लाउड किचनची ऑर्डर साइट : डिलिव्हरी झोन, किमान ऑर्डर आणि वेळेचे स्लॉट कसे बसवावेत

कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्याजवळ दोघी जावा मिळून पिठलं-भाकरीचं किचन चालवतात. बसायला जागा नाही, सगळा माल डबाबंद होऊन बाहेर जातो. त्यांची ऑर्डर साइट मी बांधली. मेन्यू, फोटो आणि पेमेंट यांचं काम आठवड्याभरात उरकलं. खरा वेळ गेला तो तीन प्रश्नांत : कुठपर्यंत पोचवायचं, किती रुपयांच्या ऑर्डरखाली नाही म्हणायचं, आणि कोणत्या वेळेचा शब्द द्यायचा. तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून ते या क्रमानेच सोडवावे लागतात. झोन ठरल्याशिवाय डिलिव्हरीचा खर्च कळत नाही, खर्चाशिवाय किमान ऑर्डर ठरत नाही, आणि झोनचा प्रवासवेळ हातात नसेल तर स्लॉट खोटे ठरतात.

झोन : वर्तुळ काढू नका

पहिल्या आवृत्तीत मी किचनभोवती चार किलोमीटरचं वर्तुळ काढलं होतं. तिसऱ्याच दिवशी हिंगण्याच्या बाजूची ऑर्डर आली. नकाशावर ते घर अगदी हाताशी दिसत होतं, पण मध्ये मुठा नदी. डिलिव्हरीचा मुलगा राजाराम पुलावरून वळसा घालून सिंहगड रोडला लागला, तिथल्या गर्दीत अडकला आणि भाकरी गार होऊन पोचली. उत्तरेला तीच गत. पौड रोडवरून पाषाण सरळ रेषेत जवळ आहे, पण मध्ये वेताळ टेकडी उभी, रस्त्याने जायचं तर चांदणी चौकाकडून फिरून. ज्या गावात नदी, टेकडी, रेल्वे लाइन किंवा हायवे आहे तिथे त्रिज्या फसवते.

पिनकोडवर झोन करण्याचा मोह होतो, कारण ते सोपं आहे. पण ४११०३८ हा एकच पिनकोड कोथरूड गावठाणापासून भुसारी कॉलनीपर्यंत पसरलेला आहे. एका टोकाला दहा मिनिटं लागतात आणि दुसऱ्या टोकाला संध्याकाळी पंचवीस. शिवाय पत्त्यात पिनकोड चुकीचा लिहिणारे खूप असतात.

त्यामुळे झोन हे हाताने काढलेले बहुभुजच असावेत, आणि ते अंतरावर नव्हे तर वेळेवर ठरवावेत. आम्ही केलं ते असं. डिलिव्हरीच्या मुलाला आठवडाभर दुपारी एकला आणि रात्री आठला वेगवेगळ्या दिशांना पाठवलं, आणि किचनच्या दारापासून सोसायटीच्या गेटपर्यंतची मिनिटं वहीत मांडली. नळ स्टॉपची बाजू दुपारी आणि रात्री किती वेगळी वागते ते त्या वहीतच दिसलं. जास्त वेळ लागला तो आकडा धरायचा, सरासरी नाही. त्यातून तीन झोन निघाले. पहिला कोथरूड, मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी : १२ मिनिटं. दुसरा कर्वेनगर, एरंडवणे, वारज्याची अलीकडची बाजू : २२ मिनिटं. तिसरा हिंगणे, बावधन आणि डेक्कनपलीकडे नारायण पेठ : ३५ मिनिटं. पाषाण सोडून दिलं.

सीमारेषा काढायला geojson.io वर नकाशा उघडून बिंदू टाकत गेलं की पुरतं. मात्र रेषा रस्त्याच्या मधून नेऊ नका. रस्ता ही सोयीची सीमा वाटते, पण मग समोरासमोरच्या दोन इमारतींना वेगवेगळी किमान ऑर्डर लागते आणि एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच वाद होतो. रेषा इमारतींच्या मागच्या बाजूने न्या, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही कडा एकाच झोनमध्ये राहतील. मोठ्या सोसायटीच्या मधून तर रेषा कधीच नको.

इथे एक तांत्रिक चूक हमखास होते. त्या नकाशातून निघणाऱ्या GeoJSON फाइलमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, तर आपण बोलताना आणि बहुतेक नकाशा ॲपवर उलटा क्रम वापरतो. क्रम उलटला तर कोथरूडचं घर थेट नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात जाऊन पडतं. त्याची खूण ओळखीची आहे : साइट प्रत्येक पत्त्याला, अगदी किचनच्या स्वतःच्या पत्त्यालासुद्धा, ‘इथे आम्ही पोचवत नाही’ असं सांगते. डेटाबेसला नकाशाची गणितं करणारी PostGIS ची जोड असेल तर झोन शोधायला एवढंच पुरतं :

```sql
SELECT id, name, min_order, travel_min
FROM zones
WHERE active
  AND ST_Covers(area, ST_SetSRID(ST_MakePoint(73.81, 18.50), 4326))
ORDER BY priority
LIMIT 1;
```

दोन झोन काठावर एकमेकांवर थोडे चढलेले असतील तर `priority` मुळे जवळचा झोन जिंकतो. ते चढलेलेच बरे. मध्ये फट राहिली तर त्या फटीतलं घर कुठल्याच झोनमध्ये सापडत नाही, आणि दोन्हीकडचे शेजारी ऑर्डर करत असताना त्या घरालाच नकार मिळतो.

`active` हा रकाना मात्र विसरू नका, आणि तो बदलण्याचं बटण किचनमधल्या फोनवर द्या. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, मग नारायण पेठेचा प्रवासवेळ कोलमडतो. विसर्जनाच्या दिवशी पेठांचे रस्ते बंद असतात. अशा वेळी ताईंनी मला फोन करून कोड बदलायला सांगावा, यात अर्थ नाही. यासाठी बावधन आणि नारायण पेठ एकाच झोनमध्ये असले तरी त्यांचे बहुभुज वेगळे ठेवले, म्हणजे एक बंद करता येतो आणि दुसरा चालू राहतो.

पत्ता आधी, मेन्यू नंतर

साइट उघडल्याबरोबर पहिला प्रश्न ‘कुठे पोचवायचं?’ हाच हवा. दहा मिनिटं मेन्यू पाहून, ताट भरून झाल्यावर ‘तुमच्या भागात सेवा नाही’ असं कळलं तर तो माणूस पुन्हा येत नाही.

टाइप केलेल्या पत्त्यावर विसंबू नका. आपल्याकडचे पत्ते ‘मारुती मंदिरासमोर, गिरणीशेजारी’ असे असतात, आणि पत्त्यावरून बिंदू शोधणारी सेवा अनेकदा गल्लीच्या किंवा वस्तीच्या मध्यावर बोट ठेवते. नकाशावर पिन दाखवा, ग्राहकाला ती ओढून इमारतीवर ठेवू द्या, आणि झोन त्या पिनवरून ठरवा. लिहिलेला पत्ता फक्त पोचवणाऱ्या मुलासाठी. ‘माझं लोकेशन घ्या’ हे बटण मोबाइलवर चांगलं चालतं (साइट https वर असली पाहिजे, नाहीतर ब्राउझर लोकेशन देतच नाही), पण ऑफिसच्या लॅपटॉपवर ते एखाद-दोन किलोमीटरनेही चुकू शकतं. म्हणून पिन ठेवल्यावर ‘हीच इमारत ना?’ असं विचारून खात्री करून घ्यायची.

किमान ऑर्डर : आकडा हिशेबातून काढा

बरेच जण शेजारच्या किचनचा आकडा पाहून ‘आपणही १९९ ठेवू’ म्हणतात. आमच्या किचनचा हिशेब असा होता. सगळे आकडे जीएसटी सोडून.

शंभर रुपयांच्या विक्रीत कच्चा माल ४५ रुपयांचा, आणि ऑनलाइन पेमेंटचं शुल्क त्यावरच्या करासह जवळपास अडीच रुपये. थोडं वर धरून प्रत्येक शंभरातले ५२ रुपये हातात राहतात असं मानलं. प्रत्येक ऑर्डरला डबा, पिशवी, चिकटपट्टी मिळून १८ रुपये. भाडं, मदतनीसांचे पगार, गॅस आणि वीज धरून महिन्याला ५४,००० आणि ऑर्डर ९००, म्हणजे प्रत्येक ऑर्डरने ६० रुपये तरी उचलायला हवेत. डिलिव्हरीचा मुलगा पेट्रोलसकट तासाला ९० रुपयांना पडतो, म्हणजे मिनिटाला दीड. गेटवरची थांबाथांब धरून जाऊन-येऊन पहिल्या झोनला ३० मिनिटं, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला ८०. म्हणजे ४५, ७५ आणि १२० रुपये. ग्राहकाकडून डिलिव्हरीचे सगळीकडे २० रुपयेच घ्यायचे, हा ताईंचा आग्रह होता.

आता प्रत्येक झोनसाठी ६० अधिक १८ अधिक डिलिव्हरीचा खर्च, वजा २०, आणि त्याला ०.५२ ने भागायचं. पहिल्या झोनला १०३ भागिले ०.५२, म्हणजे १९८. दुसऱ्याला १३३ वरून २५६. तिसऱ्याला १७८ वरून ३४२.

इथे थांबलात तर चूक होईल. हे आकडे मेन्यूवर ठेवून पाहायला हवेत, कारण माणसं रुपये मागवत नाहीत, ताटं मागवतात. इथे पिठलं-भाकरीचं ताट १६०, ताक २५, सोलकढी ४० आणि भरीत ६० रुपये. पहिल्या झोनला १९९ ठेवलं तर एकटा माणूस ताट आणि सोलकढी घेऊन २०० वर सहज पोचतो. दुसऱ्याला २५९ ठेवलं तर ताट, सोलकढी आणि भरीत मिळून २६० होतात. तिसऱ्याला सवयीने ३४९ टाकलं असतं तर दोन ताटं आणि एक ताक, म्हणजे दोघांचं नेहमीचं जेवण, ३४५ होतं आणि चार रुपयांनी अडकतं. त्या चार रुपयांसाठी पुढची वस्तू पंचवीस रुपयांची घ्यावी लागते, आणि तिथेच ऑर्डर सुटते. म्हणून तिसऱ्या झोनला ३४० ठेवले. हिशेबापेक्षा दोन रुपये कमी, म्हणजे हातात येणारा फरक रुपया-सव्वा रुपयाचा. तो सोडून द्यायला हरकत नाही.

किमान रक्कम नेमकी कशावर तपासायची हेही आधी ठरवा. ती पदार्थांच्या बेरजेवर, सूट वजा करून, डिलिव्हरी आणि जीएसटी धरण्याआधी तपासावी. सूट देण्याआधी तपासलं तर २०० च्या ऑर्डरवर ५० रुपयांचं कूपन लावून कोणी १५० चं जेवण मागवतो आणि वरचा सगळा हिशेब वाया जातो. जीएसटीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. डिलिव्हरी ॲपवरून गेलेल्या जेवणाचा कर १ जानेवारी २०२२ पासून ते ॲप भरतं. स्वतःच्या साइटवरच्या विक्रीचा कर, नोंदणी असेल तर, तुम्हालाच भरायचा आहे. तेव्हा दोन्हीकडची विक्री हिशेबात वेगळी ठेवा, आणि साइटच्या बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक छापा.

पडद्यावर ‘किमान ऑर्डर ३४० रुपये’ असं नुसतं लिहून थांबू नका. बिलाच्या बटणावरच ‘आणखी २० रुपयांचं घ्या’ असं दिसू द्या, आणि त्याखाली तेवढी तूट भरून काढणाऱ्या दोन वस्तू ठेवा. हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करायची. ग्राहक ताट भरून झाल्यावर पत्ता बदलतो, तेव्हा झोन, किमान रक्कम आणि स्लॉट तिन्ही नव्याने तपासायला लागतात. ही जागा मी पहिल्यांदा विसरलो होतो. घरच्या पत्त्यावर २०० रुपयांची ऑर्डर भरून मग पत्ता बावधनच्या ऑफिसचा केला, की ती मुकाट्याने पुढे जात होती.

स्लॉट : तव्यावरून मोजा

स्लॉटची क्षमता म्हटली की लोक ‘अर्ध्या तासात दहा ऑर्डर’ असं लिहितात. पण दहा ऑर्डर म्हणजे दहा भाकरी की चाळीस? मी किचनमध्ये एक दुपार उभा राहिलो. पिठलं मोठ्या पातेल्यात आधीच शिजलेलं असतं, ठेचा आणि भरीतही तयार. अडतं ते तव्यावर. दोन तवे, थापायला दोघी. हातावर घेतलेला गोळा परातीत थापायचा, तव्यावर टाकायचा, वर पाणी फिरवायचं, उलटायची आणि मग आचेवर फुगवायची. एका तव्यावर एका भाकरीला दोन मिनिटं जातात. पंधरा मिनिटांत कागदावर १५ होतात, प्रत्यक्षात मी १४ मोजल्या. साइटला १३ सांगितल्या, कारण एखादी भाकरी फाटते आणि मधूनच कोणीतरी पाणी प्यायला थांबतं.

मोठ्या जाऊबाईंनी तेव्हा सांगितलं, “दादा, ऑर्डरी मोजू नका, भाकऱ्या मोजा. ऑर्डर काय, भाताचीही असते.” स्लॉटचं सगळं गणित त्या वाक्यावर उभं आहे. मेन्यूतल्या प्रत्येक पदार्थाला तव्याचं वजन दिलं : ताटाला २, जादा भाकरीला १, मसालेभाताला शून्य. तुमच्याकडे अडणारी जागा तंदूर असेल, डोसातवा असेल किंवा एकच तळणकढई असेल. ती शोधा आणि तीच मोजा. भातासारख्या शून्य वजनाच्या ऑर्डरी बेसुमार येऊ नयेत म्हणून पॅकिंगची वेगळी मर्यादा लावली, पाव तासाला ८ पिशव्या.

यापुढचा भाग मला सगळ्यात उशिरा उमगला. ग्राहक निवडतो तो स्लॉट त्याच्या दाराशी पोचण्याचा, तर तवा तापतो त्याच्या बराच आधी. म्हणजे एकाच स्लॉटच्या ऑर्डरी झोननुसार किचनचे वेगवेगळे पाव तास खातात. दुपारी १ ते १:३० हा स्लॉट घ्या. गेटवरची नोंद आणि लिफ्ट यांना दहा मिनिटं सोडून १:२० ला गेटवर पोचायचं ठरवलं. त्यातून प्रवासवेळ आणि पॅकिंगची ५ मिनिटं मागे मोजली. पहिल्या झोनला १:०८ ला निघायचं, म्हणजे १:०३ ला भाकऱ्या हातात हव्यात, म्हणजे १२:४५ ते १ चा पाव तास. दुसऱ्या झोनला १२:५३ ला हव्यात, म्हणून १२:३० ते १२:४५. तिसऱ्याला १२:४० ला, म्हणजे १२:१५ ते १२:३०. स्लॉट एकच, पाव तास तीन.

हे न करता सगळ्या ऑर्डरी ‘एक वाजताच्या’ म्हणून एकत्र मोजल्या तर १२:१५ ला तवा मोकळा दिसतो आणि १ ला सगळं एकदम कोसळतं. लांबच्या ऑर्डरी रोज उशिरा आणि जवळच्या वेळेत, असं दिसलं की हीच चूक समजा.

ऑर्डर बंद करण्याची वेळही यातूनच निघते. किचनचा तो पाव तास सुरू व्हायच्या ५ मिनिटं आधी त्या झोनला तो स्लॉट बंद. म्हणजे एकच्या स्लॉटसाठी हिंगण्याला १२:१० ला दार लागतं, मयूर कॉलनीला १२:४० ला. बंद झालेला स्लॉट लपवू नका, ‘भरला’ किंवा ‘वेळ संपली’ असं लिहून फिका दाखवा. नाहीतर ग्राहकाला साइटच बिघडली असं वाटतं. १३ पेक्षा जास्त भाकऱ्यांची ऑर्डर एका पाव तासात मावत नाही, ती आदल्या दिवशीच घ्यायची असं ठरवलं.

मुलं तीन आहेत आणि तिसऱ्या झोनची एक फेरी ८० मिनिटं खाते. तेव्हा त्या झोनला एका स्लॉटमध्ये एकच फेरी, आणि एका फेरीत एकाच दिशेच्या जास्तीत जास्त दोन ऑर्डरी. बावधनची आली की त्या स्लॉटमध्ये नारायण पेठ बंद.

शेवटची जागा अडवणं

सव्वाबाराच्या पाव तासात चारच भाकऱ्या उरल्या आहेत आणि दोन जण एकाच क्षणी दोन-दोन ताटं मागतात. आधी वाचायचं, मग वाढवायचं असं दोन पायऱ्यांत केलं तर दोघांनाही जागा मिळते. एकाच वाक्यात तपासणी आणि नोंद करा :

```sql
UPDATE kitchen_windows
SET used = used + 4
WHERE starts_at = '2025-01-10 12:15+05:30'
  AND used + 4 <= capacity;
```

एकही ओळ बदलली नाही तर जागा गेली, ग्राहकाला पुढचा स्लॉट दाखवा. जागा मिळाली तर पेमेंटसाठी ती १० मिनिटं अडवून ठेवायची, नंतर सोडायची. यूपीआयवर कधी कधी पैसे कापले जातात आणि खबर उशिरा येते, तोवर जागा दुसऱ्याला गेलेली असते. त्यासाठी आम्ही कागदावरच्या पंधरापैकी हातात राखलेली तेराच्या वरची एखादी भाकरी वापरतो. तेवढ्याने भागत नसेल तर ताई फोन करतात : पुढचा स्लॉट की पैसे परत? पेमेंटची एकच खबर दोनदाही येऊ शकते, म्हणून पेमेंटचा क्रमांक एकदाच नोंदला जाईल अशी अट डेटाबेसवर घाला, नाहीतर एका ऑर्डरीची दोन ताटं तयार होतात.

वरच्या कोडमधलं `+05:30` सोडू नका. सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर चालतो, आणि त्याच्या लेखी आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’ म्हणजे कालचाच दिवस असतो. रात्री एक वाजता कोणी उद्याच्या जेवणाची ऑर्डर दिली आणि ती आजच्याच यादीत लागली, की चूक इथेच आहे. ‘आज’ आणि ‘उद्या’ नेहमी `Asia/Kolkata` वर मोजा.

साइट सुरू करण्याआधी मी बारा पत्त्यांची यादी केली : प्रत्येक झोनच्या मध्यावरचा एक, प्रत्येक सीमेच्या दोन्ही बाजूंचे, नदीपलीकडचा, पाषाणचा आणि किचनचा स्वतःचा. प्रत्येकाला कोणता झोन, किती किमान रक्कम आणि एकच्या स्लॉटला कधी दार लागतं, ते आधी हाताने लिहून ठेवलं आणि मग साइटशी ताडून पाहिलं. झोनची रेषा हलली की ती यादी अजूनही पुन्हा चालवतो. गेल्या वेळी वारज्याची रेषा थोडी पुढे सरकवली, तेव्हा एका सोसायटीचे दोन बिल्डिंग दोन झोनमध्ये गेले होते, ते तिथेच सापडलं.